रकाना नऊ, रकाना बारा: कथेच्या मध्यावरची कलाटणी कशी लिहावी

खानापूरच्या तहसील कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज लिहून देणारा एक माणूस माझ्या कादंबरीचा नायक आहे. नाव मारुती, वय 42. आमच्या सीमाभागात हे टेबल म्हणजे एक संस्थाच. बोलणारा माणूस मराठी, कचेरीचा कागद कन्नड, आणि दोघांच्या मध्ये कन्नड वाचता-लिहिता येणारा असा एखादा मारुती. हे टेबल त्याच्या आज्जाचं. त्याच्या आधी आज्जा इथंच बसून गावाचे अर्ज भरायचा.

कादंबरीच्या पहिल्या अर्ध्या भागात मारुतीला वाटतं की ही गोष्ट जमीन वाचवायची आहे. मळप्रभेच्या काठी आज्जाची 3 एकर भातशेती आहे. चुलतभाऊ नागेश म्हणतो की 1970 साली तोंडी वाटणी झाली, ही 3 एकरं त्याच्या वडिलांच्या वाट्याला आली आणि तेव्हापासून तेच ती कसत होते. नागेशला जमीन विकायची आहे. मारुती कोर्टात गेलाय. बरोबर मध्यावर त्याला कळतं की प्रश्न तो आणि नागेश यांच्यातला नव्हताच, जमीन दोघांचीही नव्हती. या एका प्रसंगावर मी दीड वर्ष घालवलं आणि तो दोनदा साफ बिघडवला. तो कसा उभा राहिला तेच इथं पायरीपायरीनं सांगतो.

आधी एक फरक. कलाटणी दोन तऱ्हांची असते. एकीत परिस्थिती उलटते: साक्षीदार फिरतो, वकील सोडून जातो, जिंकत आलेला माणूस हरायला लागतो. दुसरीत परिस्थिती जागच्या जागी राहते, पण नायकाला तिचा अर्थ उमगतो. ॲरिस्टॉटलनं या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या होत्या आणि दोन्ही एकाच क्षणी घडतात ते सगळ्यांत उत्तम, असं म्हटलं होतं. आपल्याला मध्यावर हेच साधायचं आहे. नुसती पहिली घडली तर वाचक ‘आता पुढं काय’ विचारतो. दुसरीही घडली तर तो ‘म्हणजे आतापर्यंत हे काय चाललं होतं’ असं विचारतो आणि मनातल्या मनात मागची पानं चाळायला लागतो. नाटकाच्या मध्यंतराला पडदा पाडायला पहिली पुरते, म्हणून पुष्कळ लेखक मध्यंतर आणि मध्य यांची गल्लत करतात.

दोन वाक्यं, एकच पुरावा

पहिली पायरी कागदावरची. दोन वाक्यं लिहायची. ‘नायकाच्या मते ही गोष्ट कशाची आहे’ हे एक, आणि ‘खरं तर ती कशाची आहे’ हे दुसरं. पहिलं नायकाच्या तोंडचं, त्याच्याच भाषेत. मारुतीचं वाक्य होतं: ‘आज्जाची जमीन नागेशच्या घशात जाऊ द्यायची नाही.’ दुसरं वाक्य: ‘आज्जानं भरमाची जमीन कशी गिळली आणि ते कळल्यावर मी काय करणार.’ भरमा म्हणजे ती जमीन कसणारं आज्जाचं कूळ.

आता या दोन वाक्यांची परीक्षा. पहिल्या भागात दाखवलेला प्रत्येक पुरावा दोन्ही वाक्यांना तितकाच चालला पाहिजे. एखादी गोष्ट फक्त पहिल्याच वाक्याला चालत असेल तर मध्यावर आल्यावर ती खोटी पडते आणि वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. फक्त दुसऱ्यालाच चालत असेल तर वाचक 30 व्या पानावर ओळखून बसतो. माझ्या यादीत 11 गोष्टी होत्या, त्यातल्या 4 या परीक्षेत गेल्या. एका प्रसंगात आज्जा मरताना ‘माफ कर’ म्हणत होता. तो मला फार आवडायचा. तोही गेला.

दोन्ही वाक्यांना चालणारी वस्तू शोधताना मला एक कागद सापडला आणि त्यातूनच सगळी कादंबरी मार्गी लागली. कर्नाटकात सातबाराच्या जागी पहाणी असते. तिच्या नवव्या रकान्यात मालकाचं नाव येतं, बाराव्यात त्या वर्षी जमीन कुणी कसली आणि काय पिकवलं ते. मारुती आयुष्यभर लोकांच्या पहाण्या वाचतोय. स्वतःच्या जमिनीची पहाणीही त्यानं शंभरदा पाहिलीय, पण त्याला मालकी सिद्ध करायची होती म्हणून त्याची नजर नवव्या रकान्यावरच थांबायची. नवीन कागद, नवीन साक्षीदार, जुनं पत्र असं काहीच आणायला लागलं नाही. तोच कागद, फक्त तीन रकाने पुढं.

खालची कायद्याची बाजू मला आधी पक्की करावी लागली, कारण ती डगमगली तर कलाटणी डगमगते. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, 1 नोव्हेंबर 1973 ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. पाठोपाठ जमीन सुधारणा कायद्यातली मोठी दुरुस्ती 1 मार्च 1974 पासून लागू झाली. कुळं कसत असलेली जमीन सरकारजमा झाली आणि कुळानं फॉर्म नंबर 7 भरून भू-न्याय मंडळाकडं अर्ज केला तर ती त्याच्या नावावर होऊ शकत होती. अर्ज न करणाऱ्याचा हक्क बुडाला. आता जरा चित्र डोळ्यासमोर आणा. भरमा हे कूळ, त्याला कन्नड अक्षरओळख नाही. गावात फॉर्म भरून देणारा एकच माणूस, आणि तोच त्याचा जमीनमालक. भरमानं ज्याच्या विरुद्ध अर्ज करायचा त्याच्याच टेबलावर जाऊन अंगठा उठवला. आज्जा म्हणाला, ‘दिला गा तुझा फॉर्म.’ दिला नव्हता.

पहिली गोष्ट खरी हवी

दुसरी पायरी बहुतेक जण उरकून टाकतात. मध्यावर गोष्ट बदलणारच आहे, म्हणून पहिला अर्धा भाग नुसता देखावा म्हणून लिहितात. मग वाचकाला नायकाची पहिली इच्छा पटत नाही, आणि जे पटलंच नाही ते हिरावलं गेल्याचं दुःख त्याला होणार कसं? मारुतीला जमीन खरोखर हवी आहे. मुलीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता थकलाय, टेबलावरची कमाई ऑनलाइन अर्जांमुळं घटलीय, आणि नागेशनं भर गल्लीत त्याच्या बापाला ‘कारकुंड्याचा पोर’ म्हटलंय. साधारण 240 पानांची कादंबरी असेल तर पहिली 115 ते 130 पानं ही लढाई आपल्या पायावर उभी राहिली पाहिजे. मी स्वतःला विचारायचो की कलाटणी काढून टाकली तर उरलेली पानं एक साधी पण वाचनीय भाऊबंदकीची गोष्ट म्हणून टिकतात का? पहिल्या खर्ड्यात टिकत नव्हती.

इथं आपल्या भागाचा एक फायदा लेखकाला आपोआप मिळतो, आणि तो वापरताना जपून राहावं लागतं. बेळगावकडच्या मराठी वाचकाला गोष्टीत कन्नड फॉर्म दिसला की त्याच्या मनात तिसरं वाक्य तयारच असतं: ‘भाषेपायी आपल्या माणसाचं नुकसान झालं.’ ते वाक्य खोटं नाही. न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उठवायला लावणं हे नुकसानच आहे. माझी गोष्ट त्याच वाटेनं जाते आणि मग थोडी आत वळते: भाषेनं दार बंद केलं, पण किल्ली आपल्याच माणसाच्या कनवटीला होती. हे साधायचं तर पहिल्या भागात एकही कन्नड कारकून खलनायक करून चालत नाही. मी एक केला होता, पान खाऊन खेकसणारा. त्यानं वाचकाचा राग इतका ओढून घेतला की आज्जापर्यंत तो पोचेचना. आता तिथं एक बाई कारकून आहे, जी नकलेचे पैसे घेते, पावती देते आणि डबा खायला जाते.

पेरणी: प्रत्येक खुणेला स्वतःचं काम

तिसरी पायरी खुणा पेरण्याची. माझ्याकडं शेवटी तीनच उरल्या, आणि तीन पुरतात. अट एवढीच की प्रत्येक खुणेला ती येते त्या प्रसंगात दुसरं काहीतरी काम असावं. नुसती खूण म्हणून आलेली वस्तू वाचकाला लगेच कळते, कारण तिच्याभोवतीची जागा रिकामी असते.

पहिली खूण तांदळाचं पोतं. दर दसऱ्याला मारुतीच्या घरून भरमाच्या घरी एक पोतं तांदूळ जातो, आज्जाच्या काळापासून. हे येतं ते नवरा-बायकोच्या भांडणात. बायको म्हणते, ‘पोरीची फी भरायची नाही, आणि दुसऱ्याच्या घरी पोतं धाडायचं?’ मारुती म्हणतो, ‘आज्जाचा दोस्त होता तो. आज्जानं सांगितलंय, चुकवायचं नाही.’ वाचक फी आणि भांडण लक्षात ठेवतो, पोतं त्याच्या पोटात जाऊन बसतं.

दुसरी खूण भरमाचा नातू लक्ष्मण. तो वीटभट्टीवर कामाला आहे आणि रेशनकार्डाचा अर्ज भरायला मारुतीकडं येतो. मारुती सवयीनं विचारत जातो: घरात माणसं किती, गॅस आहे काय, जमीन किती? ‘जमीन कुठली ओ, अण्णा.’ मारुती लिहितो: जमीन नाही. पैसे घेत नाही. हा प्रसंग तिथं मारुतीचा चांगुलपणा दाखवायला आहे आणि वाचकाला त्या कामात तो आवडतो. फोटो राहिला म्हणून अर्ज ड्रॉवरमध्ये पडून राहतो.

तिसरी खूण म्हणजे टेबल आणि मारुतीला आज्जाचा वाटणारा अभिमान. ती सगळीकडं आहे, म्हणून कुठंच दिसत नाही.

पेरणीचं अंतरही बघावं लागतं. कलाटणीच्या आधीच्या 15-20 पानांत एकही खूण ठेवू नका, नाहीतर मध्य येतोय याचा वास येतो. माझं पोतं 22 व्या पानावर आहे, लक्ष्मण 70 च्या आसपास.

नायकानं स्वतःच खणून काढावं

चौथी पायरी खुद्द प्रसंगाची, आणि मी दोनदा पडलो ते इथंच. पहिल्या खर्ड्यात आज्जाच्या ट्रंकेत कबुलीचं पत्र सापडत होतं. दुसऱ्यात गावातली एक म्हातारी मारुतीला सगळं सांगून टाकत होती. दोन्हींत दोष एकच होता: मारुती काहीच करत नव्हता, कळणं त्याच्या अंगावर येऊन पडत होतं. शिवाय पत्र लिहिणारा सगळं समजावून सांगतो, मग वाचकाला जोडायला काही उरत नाही.

उपाय असा की नायकाला जे सर्वांत चांगलं येतं त्याच कामानं त्याला तिथवर न्यायचं, आणि तेही पहिली लढाई जिंकायच्या नादात. मारुतीला कन्नड पहाणी वाचता येते. वकील सांगतो की नागेशचा बाप 1970 नंतर जमीन कसत नव्हता हे दाखवलंस तर दावा ढासळतो, तेव्हाच्या पहाणीच्या नकला काढ. म्हणून मारुती आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम बारावा रकाना वाचायला बसतो. बाराव्यात आज्जाचं नाव असणार याची त्याला खात्री आहे. आता प्रसंग:

मारुतीनं नकला टेबलावर पसरल्या आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून शाईचं पॅड वर ठेवलं. 1970-71. रकाना नऊ, रामा बिन यल्लाप्पा. आज्जा. बोट उजवीकडं सरकत बाराव्यावर आलं. भरमा बिन सिद्दाप्पा, भात. ओळ चुकली वाटून त्यानं पट्टी लावली. 71-72, भरमा. 72-73, भरमा. 73-74, भरमा. 74-75 ला त्याच ओळीत, वेगळ्या शाईत, रामा.

‘झाला काय रे माझा अर्ज?’ समोर एक म्हातारी उभी होती.

‘थांब गे मावशी.’

73-74 चं पान त्यानं उपडं घातलं. मग पुन्हा सुलटं केलं. म्हातारीच्या अर्जाचा कोरा फॉर्म काढायला ड्रॉवर ओढला तर वर लक्ष्मणचा अर्ज होता. जमीन: नाही. अक्षर त्याचंच.

‘कुठं करू अंगठा?’ म्हातारीनं विचारलं.

बस. यापुढं एक वाक्यही मी लिहिलं नाही. फॉर्म नंबर 7 चा उल्लेख या प्रसंगात नाही. तो आधी एका चहाच्या गप्पांत येऊन गेलाय, दुसऱ्याच कुणाच्या जमिनीबद्दल. म्हातारीचा प्रश्न मला तिसऱ्या खर्ड्यात सुचला, आणि तेव्हा कळलं की प्रसंगात तिसरं माणूस हवंच होतं. मारुती एकटा असता तर त्याला विचार करत बसवावं लागलं असतं. कामात असलेला माणूस विचार करू शकत नाही, त्याचा हात थांबतो एवढंच दिसतं.

जिंकणारा कागदच अडवतो

पाचवी पायरी माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिच्याविषयी फारसं बोललं जात नाही. अर्थ बदलला पण लढाई तीच चालू राहिली तर दुसरा भाग नुसता पश्चात्ताप होतो. अर्थ बदलला आणि लढाई सोडूनच दिली तर दुसरी कादंबरी सुरू होते. दोन्ही टाळायचं तर कलाटणी ज्या वस्तूनं घडली ती वस्तूच पहिल्या लढाईचं हत्यारही असली पाहिजे.

माझ्याकडं ती तशी आहे. 1970 ते 74 च्या नकला कोर्टात दिल्या की नागेशचा दावा कोसळतो, कारण जमीन त्याचा बाप कसत नव्हता. पण त्याच नकला सांगतात की कसणारा भरमा होता. मारुती जिंकतो त्याच क्षणी आज्जा उघडा पडतो. ॲरिस्टॉटलनं सांगितलेलं उलटणं आणि उमगणं इथं एकाच कागदावर येतं. शिवाय फॉर्म 7 च्या मुदती कधीच संपल्यात, भरमाच्या घरच्यांना कायद्यानं आज काही मागता येण्यासारखं नाही. हे कळल्यावर मला आधी वाटलं की गोष्ट मेली. उलट झालं. मारुतीवर जबरदस्ती करणारं कुणीच उरलं नाही, त्यामुळं जे करायचं ते त्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

नायकाला लगेच शहाणा करू नका. कलाटणीनंतरच्या पहिल्या प्रसंगात मारुती वकिलाला फोन करतो आणि म्हणतो, ‘त्या वर्षांच्या नकला मिळत नाहीत ओ, रेकॉर्डला वाळवी लागलीय.’ आज्जासारखाच तो एका कागदाबद्दल खोटं बोलतो, त्याच टेबलावर बसून. वाचक त्याच्यावर चिडतो आणि सोडूनही जात नाही.

चहाच्या टेबलावरची तपासणी

कलाटणी जमली की नाही हे लेखकाला स्वतःला कळत नाही, त्याला सगळं आधीच माहीत असतं. मी एक साधी चाचणी करतो. कादंबरी न वाचलेल्या माणसाला मध्यापर्यंतची गोष्ट पाच मिनिटांत सांगायची आणि विचारायचं, ‘ही कशाची गोष्ट आहे?’ उत्तर नायकाच्या वाक्याजवळ आलं पाहिजे. मग कलाटणीचा प्रसंग सांगून पुन्हा तोच प्रश्न. टिळकवाडीतल्या एका हॉटेलात मी हे तिघांवर करून पाहिलं. पहिला म्हणाला, ‘पोत्याचं ऐकलं तेव्हाच वाटलं काहीतरी आहे.’ म्हणजे पोत्याभोवतीचं भांडण कमी पडत होतं, ते मी वाढवलं. दुसरा म्हणाला, ‘हा भरमा कुठनं आला मधेच?’ त्याला मी लक्ष्मणचा प्रसंग सांगायला विसरलो होतो. माझी चूक, पण तेवढ्यावरून कळलं की लक्ष्मणशिवाय इमारत उभीच राहत नाही. तिसरा काही बोललाच नाही. चहा संपवून म्हणाला, ‘म्हणजे ते पोतं खंड होता काय?’

खंड म्हणजे कुळानं मालकाला द्यायचा वाटा. इथं मालक कुळाला देतोय, उलट दिशेनं, 40-50 वर्षं. हा शब्द मला सुचला नव्हता. कलाटणी बसली असली की ऐकणारा मागं जाऊन एखाद्या जुन्या वस्तूला स्वतःच नवं नाव देतो. तो नुसतं ‘बाप रे’ म्हणाला तर समजावं की त्याला धक्का बसला, अर्थ बदलला नाही.

हे सगळं कुठं चालत नाही तेही सांगतो. सहा-सात पानांच्या कथेत पहिला विश्वास रुजायला जागाच नसते, तिथं अशी कलाटणी शेवटाकडं ढकललेली बरी. दोन अंकी नाटकात पहिल्या अंकाच्या पडद्यावर ती ठेवता येते, पण पहाणीचा रकाना प्रेक्षकाला दिसत नाही, तो कुणीतरी मोठ्यानं वाचावा लागेल आणि मग म्हातारीचं काम बदलेल.

राहिली शेवटची पायरी, दुसऱ्या भागाची. पहिल्या भागातले प्रसंग घेऊन बसायचं आणि प्रत्येकाला विचारायचं की आता हाच प्रसंग पुन्हा घडला तर कसा घडेल. सगळे घ्यायचे नाहीत. मी दोन घेतले. लक्ष्मण फोटो घेऊन अर्ज न्यायला येतो आणि मारुतीला ‘जमीन नाही’ लिहिलेला कागद त्याच्या हातात द्यावा लागतो. तो पुन्हा फी घेत नाही, पण या वेळी लक्ष्मण हट्टानं वीस रुपये टेबलावर ठेवतो. दुसरा प्रसंग दसऱ्याचा. बायकोनं यंदा कुरकुर न करता पोतं शिवून दारात ठेवलंय, आणि मारुती ते उचलेना.